न उघडलेली पाण्याची बाटली

प्रश्न: मी मुलांसाठी कथा लिहिते. पाचवीत नव्या शाळेत जाणारा, व्हीलचेअर वापरणारा, फार लाजाळू असा मुलगा आणि त्याचा शाळेतला पहिला दिवस यांवर एक लघुकथा लिहिली आहे. कथा पुण्यात घडते. आधी मुले त्याला हसतात, मग तो चित्रकलेत पहिला येतो आणि सगळे त्याचे मित्र होतात. ज्यांनी वाचली त्यांना ती खोटी वाटली. नेमके काय चुकले असेल?

उत्तर: मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वीसहून अधिक वर्षे पुण्यातल्या मुलांबरोबर काम करताना त्यांच्या नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराशी उभे राहण्याची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथूनच द्यावेसे वाटते. तुमच्या कथेत खुर्ची फक्त दोनदा येते, एकदा मुले हसतात तेव्हा आणि एकदा बक्षीस मिळते तेव्हा. मधल्या पाच तासांत ती कुठेच नाही. प्रत्यक्षात मात्र त्या पाच तासांतले एकही मिनिट तिच्यावाचून जात नाही. दुसरे असे, की मुलगा लाजाळू आहे तो खुर्चीमुळे, असे कथेने गृहीत धरले आहे. मी पाहिलेली खुर्चीवरची निम्मी मुले अखंड बडबड करणारी होती, आणि जी लाजाळू होती ती बहुतेक आईवर किंवा आजोबांवर गेलेली होती. लाजाळूपणा त्याचा स्वभाव आहे आणि खुर्ची त्याचे वाहन आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की त्यांच्यातले भांडण दिसू लागते. लाजाळू मुलाला कोणाच्या नजरेत यायचे नसते. खुर्ची मात्र आवाज करते, जागा मागते आणि ओल्या फरशीवर आपल्या रेघा सोडून जाते. तुमची कथा मला या भांडणात दिसते. त्यासाठी हसणारी मुलेही लागत नाहीत आणि बक्षीसही लागत नाही.

सगळ्यात आधी हे ठरवा, की त्याला खुर्ची का लागते. कथेत त्याचे नाव घ्यायची गरज नाही, पण लेखिकेला ते ठाऊक हवे, कारण त्यावरच त्याचे हात काय करू शकतात हे ठरते. ड्यूशेन प्रकारच्या स्नायूंच्या आजारात मुलाचे चालणे बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांच्या सुमारास थांबते आणि हातांची ताकदही कमी होत जाते, म्हणून तो स्वतः खुर्ची ढकलत मैदानभर फिरतो असे लिहिता येणार नाही. सेरेब्रल पाल्सी असेल तर हात ताठर असू शकतात, बोलणे अडखळते असू शकते आणि शाळेची घंटा अचानक वाजली की सारे अंग दचकते. पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असेल, म्हणजे स्पायना बिफिडा असेल, तर हात सहसा चांगले चालतात, पण पायांत ताकद आणि संवेदना कमी किंवा अजिबात नसते आणि लघवीवर ताबा नसतो. मी पुढे या तिसऱ्या मुलाला धरून चालते. त्याचे नाव निहार ठेवू. त्याची शाळा पेठेतली, जुन्या दगडी इमारतीतली, दुपारी बारा ते साडेपाचची. चौथीपर्यंतची शाळा संपली म्हणून तो पाचवीला इथे आला आहे, म्हणजे नव्या शाळेचे कारणही सहज मिळते.

निहारच्या दप्तरात पाण्याची बाटली आहे, आणि ती त्याने सकाळपासून उघडलेली नाही.

ही बाटली मी कल्पनेने ठेवलेली नाही. नव्या जागी जाणारी अशी मुले आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात, आणि हे आईच्याही लक्षात येत नाही. या आजारात मूत्राशय आपोआप पूर्ण रिकामे होत नाही, म्हणून दर तीन-चार तासांनी एक बारीक नळी घालून ते रिकामे करावे लागते. मुले साधारण आठ-दहा वर्षांची झाली की हे स्वतः करायला शिकतात. काम अवघड नाही, पण त्यासाठी खुर्ची आत जाईल असे दार, कडी, हात धुवायला पाणी आणि दहा मिनिटे कोणी दार न वाजवण्याची खात्री एवढे लागते. नव्या शाळेत यातले काय आहे हे निहारला माहीत नाही, आणि विचारायचे म्हणजे अनोळखी माणसाशी या विषयावर बोलायचे. त्यापेक्षा पाणीच न पिणे त्याला सोपे वाटते. मोठ्यांना ठाऊक असते की याने लघवी घट्ट होते, जंतुसंसर्ग होतो, डोके दुखते. निहारला इतकेच कळते, की तोंड कोरडे पडले आहे आणि बाटली तशीच ठेवली तर कोणाला काही विचारावे लागणार नाही. मुलांच्या कथेत नळीबद्दल लिहावे का, असा संकोच तुम्हाला वाटेल. माझे मत असे, की एकदाच, एका साध्या वाक्यात लिहावे. ‘निहारला शू करण्यासाठी एक बारीक नळी वापरावी लागे आणि ती निळ्या कापडी पिशवीत दप्तराच्या आतल्या कप्प्यात असे.’ मुले एवढे वाचून पुढे जातात. संकोच आपला, मोठ्यांचा असतो.

आता फाटकापाशी या. जून आहे, भुरभुर पाऊस आहे. दोन्ही हात चाकांवर असलेल्या मुलाला छत्री धरता येत नाही, आणि रेनकोट लांब असेल तर त्याचे टोक चाकाच्या आऱ्यांत जाते, म्हणून आईने तो मांडीखाली खोचून बसवला आहे. रिक्षाकाकांनी सीटमागे घडी करून बांधलेली खुर्ची उतरवून उघडली, तेव्हा तिचा खळ्ळ आवाज झाला आणि फाटकातल्या सगळ्या माना वळल्या. चाकाच्या बाहेरची जी कडी हाताने फिरवायची ती ओली झाली की हातातून निसटते; मग मुलगा कडीऐवजी थेट टायर धरतो, आणि रस्त्यावरचा सगळा चिखल तळहाताला लागतो. तो हात तो पँटला पुसतो. पुढे वर्गात नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या अंगठ्याचा मातकट ठसा उमटतो. पहिल्या दिवसाची वही कोरी हवी, हे पाचवीतल्या कोणत्याही मुलाला कळते, त्यामुळे तो ठसा वाचकाला तुमच्या समजावण्याविना टोचेल.

जुन्या दगडी शाळांचे जोते उंच असते. आपल्या शाळेला चार पायऱ्या धरा, प्रत्येकी सहा इंचांची, म्हणजे दोन फूट चढ. खुर्चीसाठी रॅम्पचे प्रमाण एकास बारा असे धरतात, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. त्या हिशेबाने इथे चोवीस फूट लांब रॅम्प हवा. अंगणात तेवढी जागा नव्हती म्हणून कोणी आठ फुटांचा बांधला आहे. आई मे महिन्यात चौकशीला आली तेव्हा तिला ऑफिसात सांगितले गेले होते, “रॅम्प आहे ना, काही काळजी करू नका.” सांगणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. पण अशा रॅम्पवर मुलाने स्वतः जोर लावला की पुढची छोटी चाके उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडू लागते. अंदाजाने बांधलेला रॅम्प फसवा आहे हे मुलाला खालूनच, नुसत्या नजरेने कळते. चार वर्षांच्या सवयीने त्याची नजर फूटपट्टीसारखी झालेली असते. निहार रॅम्पच्या पायथ्याशी थांबतो, पुढे वाकून बुटाचा बंद नीट करत असल्यासारखे करतो, आणि रिक्षाकाका परत वळून येतील का याची वाट बघतो. बंद आधीपासून नीटच बांधलेला आहे. मदत हवी असताना ती न मागणारा मुलगा कसा दिसतो, हे मी असेच पाहिले आहे.

इथे एक दुसरा मुलगा येतो. त्याला सार्थक म्हणू. तो चांगला मुलगा आहे, आणि तो न विचारता मागून खुर्ची ढकलू लागतो.

तुमच्या मसुद्यात हसणारी मुले आहेत. मला त्यांच्यापेक्षा हा ढकलणारा मुलगा खरा वाटतो आणि कथेसाठी जास्त उपयोगीही. पहिल्या दिवशी खुर्चीवरच्या मुलाला सर्वाधिक त्रास होतो तो मायेने होतो. खुर्ची ही त्याच्या अंगाचा भाग असल्यासारखी असते. कोणी मागून अचानक ढकलली तर आपल्याला कोणी दंड धरून चालवू लागावे तसे वाटते. शिवाय हात कडीवर असतील तर बोटे आऱ्यांत सापडू शकतात. एका शाळेत असे झालेले मी पाहिले आहे. वर्गमित्राने उत्साहात जोरात ढकलले, सरकत्या लोखंडी फाटकाचा रूळ जमिनीत थोडा वर आलेला होता, पुढचे छोटे चाक त्यात अडकले आणि खुर्ची जागीच थांबली. मुलगा मात्र पुढे पडला. तो लगेच उठून बसला, “काही नाही झालं” म्हणाला, आणि त्याला खरेच काही जाणवले नव्हते. रात्री कपडे बदलताना आईला गुडघ्यावर वाळलेले रक्त दिसले. पायांत संवेदना नसण्याचा अर्थ काय, हे मला पुस्तकाने शिकवले होते, पण समजले ते त्या दिवशी. तुमच्या कथेत कोणाला पाडायची गरज नाही. सार्थक ढकलतो, तसाच एक रूळ जवळ येतो, निहारला तो दिसतो, आणि ‘थांब’ हा शब्द त्याच्या घशात अडकतो. तो काय करतो? दोन्ही हातांनी कड्या घट्ट आवळतो. तळहात भाजल्यासारखे होतात, खुर्ची थांबते, सार्थक मागून हँडलवर आपटतो आणि गोंधळून म्हणतो, “अरे, काय झालं?” निहार नुसते रुळाकडे बोट दाखवतो. एवढ्यावर हा प्रसंग सोडून द्या. सार्थकने माफी मागू नये आणि निहारने त्याला काही शिकवू नये, कारण नुकतीच भेटलेली दहा वर्षांची मुले असे काही करत नाहीत.

वर्गात शिरल्यावर लाजाळूपणा आणि खुर्ची यांचे खरे भांडण लागते. निहारला शेवटचे बाक हवे आहे. त्याच्यासारख्या कोणालाही तेच हवे असते. पण बाकांच्या दोन रांगांमधली वाट दीड फुटाची आणि त्याची खुर्ची बावीस इंचांची, म्हणून त्याला दारापासच्या पहिल्या बाकाशेजारी, सगळ्या वर्गाच्या नजरेसमोर बसावे लागते. त्याने मागे वळून पाहिले तर दारापासून त्याच्यापर्यंत फरशीवर दोन ओल्या समांतर रेघा आहेत. इतर मुलांच्या बुटांचे ठसे एकमेकांत मिसळून गेले आहेत, कोणाचे कुठले ते सांगता येत नाही. या रेघा मात्र एकट्याच्या आहेत. शाळेतल्या मावशी पोछा घेऊन आल्या की त्या पुसून टाकतील, तोवर तो त्या वाळण्याची वाट बघत बसतो. खुर्चीचे हात बाकाच्या फळीला अडतात, त्यामुळे तो वीतभर लांबच राहतो आणि परीक्षेला नेतो ते पॅड मांडीवर ठेवून लिहितो.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी निहार खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे रोवून अंग वर उचलतो आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवतो. खाली संवेदना नसल्यामुळे एकाच जागी दाब पडून जखम झालेली कळत नाही, म्हणून त्याला घरी ही सवय लावली आहे. नव्या बाईंना हे ठाऊक नाही. त्या फळ्याकडून वळतात आणि म्हणतात, “नीट बस रे बाळ.” त्या रागावलेल्याही नाहीत. निहार खाली बसतो आणि पुढचा पाऊण तास स्वतःला उचलत नाही. मला विचाराल तर संपूर्ण दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट ही आहे. ती एका ओळीत लिहा आणि पुढे जा, तिच्यावर कोणाचे अश्रू नकोत.

परिपाठ मी थोडक्यात उरकला असता. राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर फक्त पाठी आणि पट्टे येतात. तो पाठ ताठ करतो आणि हात मांडीवर सरळ ठेवतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही, तेव्हा कथेनेही तसे सुचवू नये.

मधली सुट्टी तीन वाजता होते, आणि इथे बाटली परत येते. घरून निघाल्याला साडेतीन तास झाले आहेत. मुलांची स्वच्छतागृहे व्हरांड्याच्या टोकाला आहेत. सगळे डबे उघडत असताना निहार एकटाच तिकडे जातो, आणि दारासमोर थांबतो. दार दोन फुटांचे आहे. चौकटीत अर्धवट उघडणारी फळी आणि बिजागऱ्या वजा केल्या तर मोकळी जागा जेमतेम एकवीस इंच उरते. बावीस आणि एकवीस. मे महिन्यात आईने रॅम्प पाहिला, वर्ग तळमजल्यावर मागून घेतला, पण हे दार कोणी मोजले नाही. माझ्या अनुभवात नेहमी हेच दार राहून जाते, कारण शाळा दाखवणारे लोक पालकांना इथवर आणतच नाहीत. कायद्यात तरतूद आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीत अडथळ्यांविना वावरता यावे असे म्हटले आहे, आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही शाळांवर ती जबाबदारी टाकली आहे. पण पहिल्या दिवशी तीन वाजता त्या दारासमोर उभ्या असलेल्या मुलाला त्याचा उपयोग नसतो. त्याला रुंद दाराची एक जागा लागते, आणि ती बहुधा शिक्षकांच्या खोलीशेजारी असते.

म्हणजे आता त्याला विचारावे लागणार. कथेचा कळस हाच, आणि तो तुम्हाला बाहेरून आणावा लागलेला नाही. फक्त लाजाळू मुलाला इथे एकदम धीट करू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाने जे केले ते मी तुम्हाला देते. तो वर्गात परत आला, वहीचे शेवटचे पान उघडले, त्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आणि बाई हजेरीपट भरत होत्या तिथे जाऊन वही त्यांच्यासमोर सरकवली. निहारने लिहिले असते, ‘मला मोठ्या दाराचं बाथरूम लागतं. मला दहा मिनिटं लागतात.’ यापुढे सगळे बाईंच्या हातात आहे. त्यांनी ते मोठ्याने वाचले असते तर कथा तिथेच कोसळली असती. त्या वाचतात, वही मिटतात, किल्लीच्या जुडग्यातून एक किल्ली काढतात आणि “चल, मला स्टाफरूममध्ये खडू आणायचेच आहेत” म्हणून पुढे चालू लागतात. रूळ असलेल्या वाटेने न जाता त्या दुसऱ्या बाजूने वळतात, कारण त्यांनी शाळा भरताना झालेला प्रकार खिडकीतून पाहिला होता, हे वाचकाला सांगायला नको. आतून कडी लागते. दहा मिनिटे बाहेर खडूची पेटी हातात घेऊन त्या उभ्या राहतात, आणि कोणी दार वाजवत नाही.

काही गोष्टी जाता जाता. प्रवेशोत्सव म्हणून वर्गात फुगे लावलेले दाखवणार असाल तर काळजी घ्या. स्पायना बिफिडा असलेल्या बऱ्याच मुलांना रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी असते आणि साध्या फुग्यानेही त्यांना त्रास होऊ शकतो. फुलांच्या माळा लावा. आणि ‘खुर्चीला जखडलेला’ हा शब्दप्रयोग काढून टाका. निहारच्या दृष्टीने खुर्चीमुळेच तो जाऊ शकतो, जखडतात ती दारे. कथेतल्या मुलांच्या तोंडी ‘दिव्यांग’ हा सरकारी कागदावरचा शब्दही घालू नका. मुले ‘व्हीलचेअर’ म्हणतात, आणि दोन दिवसांनी नुसते ‘निहारची गाडी’.

मैत्री पहिल्याच दिवशी पूर्ण होऊ नये. सार्थकने मधल्या सुट्टीनंतर येऊन, हँडलला हात न लावता, “रूळ चुकवून जायचं ना घरी जाताना?” एवढे विचारले तरी भरपूर आहे, आणि निहारने त्यावर फक्त मान हलवावी. सातवा तास इतिहासाचा आहे. बाहेर पाऊस थांबला आहे, दारापासूनच्या रेघा केव्हाच वाळल्या आहेत. निहार दप्तरातून बाटली काढतो. नव्या बाटलीचे झाकण घट्ट आहे, ते उघडताना टक् असा आवाज होतो, आणि तो दचकून वर्गाकडे बघतो. कोणीही वळून पाहिलेले नाही. तो अर्धी बाटली एका दमात पितो.